शनिवारची पाकिटं

आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, पोह्यांच्या डब्यामागे, तीन पाकिटं उभी असतात. पाकिटं आहेराची आहेत. दिराच्या लग्नानंतर कोरी उरली होती, त्यांच्यावर चिकटवलेला एकेक रुपया अजून तसाच आहे. वर स्केचपेननं लिहिलंय: किराणा, हॉटेल, पेट्रोल. दर शनिवारी सकाळी चहा झाला की त्यांत नोटा भरल्या जातात, आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्या तीन गोष्टींसाठी मोबाइलवरून एक पैसाही द्यायचा नाही, असा आमचा नियम आहे. गेल्या एप्रिलपासून तो चालू आहे. मोडतो, पुन्हा चालू होतो.

सासूबाईंना यात नवल वाटलं नाही. सासऱ्यांचा पगार रोख यायचा, तोही पाकिटातच. मराठीत या एका शब्दानं किती कामं केली आहेत पाहा: पत्राचं पाकीट, खिशातलं पाकीट, पगाराचं पाकीट. ते घरी आलं की आई त्याचे भाग करायच्या. भाडं, दूधवाला, शाळेची फी, आणि सगळ्यात जाड भाग वाण्याचा. "अगं, पण आमचं उलटं होतं," त्या मला म्हणाल्या. "महिनाभर वाण्याच्या वहीवर सामान यायचं आणि पगाराला मागचं फेडायचं. आधी पैसे बाजूला काढून मग खर्च करायचा, ही चैन आम्हाला कुठली?" मी ही पद्धत जुन्या वळणाची समजत होते. आईंच्या या वाक्यानं कळलं की निदान किराण्याच्या बाबतीत ती तितकी जुनी नाही. जुन्या घरांत पैसे वाटले जायचे ते झालेल्या खर्चापोटी. पाकिटात पैसे घालायचे ते व्हायच्या खर्चापोटी.

सुरुवात पाकिटानं होत नाही, हिशेबानं होते. मार्चच्या शेवटी मी माझ्या आणि नवऱ्याच्या, दोन्ही खात्यांची तीन महिन्यांची स्टेटमेंटं काढली आणि प्रत्येक व्यवहारापुढे क, ह किंवा पे लिहीत गेले. दोन संध्याकाळी गेल्या, कारण निम्म्याहून जास्त व्यवहार शंभर रुपयांच्या आतले होते आणि नुसत्या नावावरून कळेना की हा माणूस भाजीवाला की चहावाला. शेवटी महिन्याची सरासरी हाती आली. किराणा, भाजी आणि फळं मिळून १४,२००. बाहेरचं खाणं, त्यात घरपोच मागवलेलंही आलं, ७,६००. पेट्रोल ५,५००. एकूण २७,३००. दुधाचं बिल महिन्याचं ठरलेलं असतं, म्हणून ते मी धरलंच नाही. जो खर्च हलत नाही त्याला पाकीट करून उपयोग नसतो.

हॉटेलचे ७,६०० बघून नवरा म्हणाला, "शक्यच नाही. आपण महिन्यातून दोनदा तर जातो." दोनदा जातो हे खरंच होतं. त्या दोन जेवणांचे जेमतेम २,४०० होत होते. बाकीचे पाच हजार चहा, सँडविच, मुलाच्या क्लासनंतरची पाणीपुरी आणि रात्री साडेनऊला "आता कोण करत बसणार" म्हणून मागवलेल्या बिर्याणीचे होते. मोबाइलवरून दिलेला पैसा आठवत नाही, ही पहिली गोष्ट मला या दोन संध्याकाळी कळली.

यावर संशोधन आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये द्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं की पैसे रोख द्यावे लागतील, काहींना सांगितलं की क्रेडिट कार्डानं. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट गेली. हातातून नोट जाताना टोचतं, कार्डानं टोचत नाही, असा त्याचा नेहमीचा अर्थ लावतात. तो खोटा नाही, पण माझ्या अनुभवात ते टोचणं दोन-तीन आठवड्यांत बोथट होतं. नोटा देण्याचीही सवय होते. पाकीट पुढेही काम करत राहतं ते दुसऱ्या कारणानं: वस्तू घ्यायच्या क्षणी, या आठवड्यात यासाठी किती उरले आहेत, याचं उत्तर डोळ्यांसमोर असतं. खात्यातली शिल्लक हे उत्तर देऊ शकत नाही. खात्यात बावन्न हजार दिसतात, आणि बावन्न हजारांपुढे दोनशे रुपयांचं सँडविच काहीच नसतं. त्या बावन्न हजारांत घराचा हप्ता, विमा आणि फी मिसळलेली असते, हे त्या क्षणी कोणाच्या लक्षात येतं?

आता तीन पाकिटांकडे वळते. नावं एका ओळीत घेतली जात असली तरी ही तीन पाकिटं एकसारखी वागत नाहीत. माझ्या मते हॉटेलचं पाकीट सर्वांत चांगलं चालतं, किराण्याचं अर्धंमुर्धं चालतं, आणि पेट्रोलचं खर्च आवरायच्या कामी जवळजवळ येतच नाही. त्याचा उपयोग वेगळाच आहे.

हॉटेलपासून सुरुवात करते. ७,६०० वरून आम्ही एकदम ५,००० वर आलो. याहून खाली गेलो असतो तर पंधरा दिवसांत मोडलं असतं. आठवड्याला ठरवले १,१५०. इथे एक साधी चूक बहुतेक जण करतात. महिन्याच्या रकमेला चारनं भागतात. पण महिन्यात चार आठवडे नसतात, वर वाढीव दोन-तीन दिवस असतात, आणि ते नेमके शेवटी, पाकीट रिकामं असताना येतात. वर्षाचे बावन्न आठवडे धरायचे: १,१५० गुणिले ५२ भागिले १२, म्हणजे महिना साधारण ४,९८०. त्यामुळे ज्या महिन्यात पाच शनिवार येतात त्या महिन्यात एक हप्ता जास्त काढावा लागतो. असे महिने वर्षात चार असतात, क्वचित पाच. मी ते कॅलेंडरवर वर्षाच्या सुरुवातीलाच लाल गोल करून ठेवते.

मुळात आठवडाच का? एकदाच पाच हजार ठेवले तर काय बिघडतं? आम्ही पहिल्या महिन्यात तसंच केलं आणि बारा तारखेला पाकिटात ६०० रुपये होते. पुढचे अठरा दिवस घरात दुष्काळ. त्यानंतर मी एक तारखेलाच शनिवारागणिक छोटी पाकिटं करते, वर तारीख लिहिते आणि चक्क गोंदानं चिकटवते. हे मला सुचलं ते एका भारतीय प्रयोगाबद्दल वाचून. दिलीप सोमण आणि अमर चीमा या अभ्यासकांनी हातावर पोट असलेल्या मजुरांना बचतीचे पैसे बंद पाकिटात घालून दिले होते. काहींना एकाच पाकिटात, काहींना तेवढेच पैसे दोन पाकिटांत. काही पाकिटांवर त्यांच्या मुलांचं चित्र होतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पैसे दोन पाकिटांत असलेल्यांची बचत जास्त टिकली, आणि मुलांचं चित्र असलेल्यांचीही. एक पाकीट फोडलं की त्यातलं सगळंच जातं. दुसरं फोडायला पुन्हा एकदा मन घट्ट करावं लागतं, आणि तेवढ्या वेळात माणूस थांबतो. चिकटवलेलं पाकीट टरकावताना जो आवाज होतो, तो आमच्या घरात सगळ्यांना ऐकू जातो, हा आणखी एक फायदा.

आठवड्यात उरलेले पैसे पाकिटातच राहू द्यायचे. ते काढून बचतीत टाकायचा मोह मला झाला होता, पण मग घरातले बाकीचे लोक शुक्रवारी रात्री "उरलेत ना, मग संपवून टाकू" म्हणू लागले. उरलेले पुढे जातात म्हटल्यावर मुलगा स्वतःच हिशेब करायला लागला. त्याला पंजाबी जेवायला जायचं होतं, चौघांचे १,६०० होणार होते. त्यानं दोन आठवडे पाणीपुरी सोडली. हे मी सांगून झालं नसतं.

घरपोच मागवण्याचं काय करायचं, हा प्रश्न सगळे विचारतात. तिथे रोख देण्याची सोय कधी असते, कधी नसते. आमचा तोडगा असा: ऑनलाइन पैसे दिले की त्याच रात्री, जेवायला बसण्याआधी, तेवढ्या नोटा हॉटेलच्या पाकिटातून काढून 'बँक' असं लिहिलेल्या चौथ्या पाकिटात टाकायच्या. पुढच्या महिन्यात तेवढी रक्कम कमी काढायची. थोडक्यात, पैसे फोनवरून गेले तरी पाकीट हलकं झालंच पाहिजे. "उद्या टाकतो" हे चालत नाही. उद्या कोणी टाकत नाही.

किराण्याची गोष्ट गुंतागुंतीची आहे, कारण किराणा हा एक खर्च नाही. महिन्याचा भरणा एकरकमी होतो. भाजी-फळं रोजची. आणि तिसरा प्रकार मी साफ विसरले होते, तो पुढे सांगते. आम्ही किराण्याला १२,५०० ठरवले. त्यातले ७,३०० भरण्याचे, एक तारखेला. भाजी-फळांचे आठवड्याला १,२००, बावन्न आठवड्यांच्या हिशेबानं महिना ५,२००. भरण्याचे पैसे आणि भाजीचे पैसे एकत्र ठेवले की घोटाळा ठरलेला. सुपरमार्केटात गेलेला माणूस एका फेरीत भाजीचेही उडवतो, आणि मग तिसऱ्या आठवड्यात घरात डाळ, तांदूळ, तीन प्रकारची बिस्किटं असतात आणि कोथिंबिरीला पैसे नसतात. म्हणून किराण्याच्या पाकिटात आत दोन कप्पे आहेत.

भरण्याला जाताना आम्ही ७,३०० घेऊनच जातो, फोन गाडीत ठेवून. रांगेत ट्रॉली उतरवताना बिल ७,६८० झालं तर ३८० रुपयांचं काहीतरी परत द्यावं लागतं, मागच्या माणसाच्या डोळ्यांदेखत. पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण परत काय जातं ते बघण्यासारखं असतं. तेल, डाळ, साबण परत जात नाहीत. जातं ते यादीत नसलेलं. तिसऱ्या महिन्यापासून आम्ही यादीपुढे मागच्या महिन्याचे भाव लिहून नेऊ लागलो आणि रांगेतली शोभा थांबली.

आता विसरलेल्या तिसऱ्या प्रकाराकडे येते. मी सरासरी काढली जानेवारी ते मार्चची. एप्रिल बरा गेला. मे उजाडला आणि आईंनी विचारलं, "गहू कधी आणायचे?" आमच्याकडे अजून वर्षाचं धान्य भरलं जातं. १५० किलो गहू ३८ रुपयांनी ५,७००, ५० किलो तांदूळ ६५ नं ३,२५०, १५ किलो तूरडाळ १३० नं १,९५०, आणि वर्षाचं तिखट-मसाला १,८००. बेरीज १२,७००. किराण्याचं अख्खं पाकीट रिकामं केलं तरी पुरत नव्हतं, आणि रिकामं केलं असतं तर महिनाभर नुसत्या पोळ्याच खाव्या लागल्या असत्या. ते पैसे शेवटी खात्यातूनच दिले. चूक माझी होती. तीन महिन्यांच्या सरासरीत वर्षातून एकदा येणारा खर्च दिसत नाही. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात धान्य, लोणचं, पापड होतात आणि पुढे दिवाळीचा फराळ असतो, त्यांनी बारा महिन्यांचं स्टेटमेंट बघावं, किंवा घरातल्या मोठ्या माणसाला विचारावं. दुसरा मार्ग मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

त्यानंतर आम्ही 'बेगमी' नावाचं पाकीट केलं. महिन्याला १,२००, वर्षाचे १४,४००. त्यात पुढच्या मेचं धान्य बसतं आणि १,७०० फराळाला उरतात. गहू-तांदूळ घरात असल्यामुळे भरणा ७,३०० वरून ६,३०० वर आला. म्हणजे बेगमी धरूनही किराणा १२,७०० झाला, पहिल्या अंदाजापेक्षा फक्त दोनशे जास्त. बेगमीचे पैसे मात्र फडताळात ठेवत नाही. ते बँकेतल्या वेगळ्या खात्यात असतात आणि पाकिटात नुसती चिठ्ठी असते. दहा-बारा हजार रुपये घरात पडून ठेवायचं कारण नाही.

कोणती गोष्ट कोणत्या पाकिटात, यावर आमच्याकडे बरीच भांडणं झाली. शेवटी नियम केला: घरात शिजणार असेल तर किराणा, शिजून आलं असेल तर हॉटेल. नियम छान होता, पण पोळी-भाजी केंद्रातल्या पोळ्यांनी तो मोडला. कामाच्या दिवसांत आम्ही आठवड्यातून दोनदा पोळ्या विकत आणतो. नियमाप्रमाणे त्या हॉटेलात गेल्या. आई चिडल्या. "पोळ्या काय चैन आहे होय?" त्यांचं बरोबर होतं. पोळ्या किराण्यात आल्या. श्रीखंडाचा निकाल अजून लागलेला नाही.

पाकीट मध्येच संपलं तर दुसऱ्यातून घ्यायचे का? घ्यायचे, पण घेतलेल्या जागी चिठ्ठी ठेवायची: "हॉटेलमधून किराण्याला २५०, पाहुणे." सक्त मनाई केलेली घरं मी पाहिली आहेत. तिथे लोक फोनवरून पैसे देतात आणि कोणाला सांगत नाहीत. चिठ्ठ्यांचा उपयोग महिन्याच्या शेवटी कळतो. तीन महिने सारख्या एकाच दिशेच्या चिठ्ठ्या निघाल्या तर त्या पाकिटाचा आकडाच चुकला आहे, माणसं नाहीत. आमच्या भाजीच्या चिठ्ठ्या जुलै-ऑगस्टमध्ये सलग निघाल्या. पावसाळ्यात पालेभाजी महाग होते, हे दरवर्षी होतं, आणि तरी मी वर्षभर १,२०० च धरले होते. आता जुलै ते सप्टेंबर १,३५० धरते.

पेट्रोलच्या पाकिटाबद्दल माझा सुरुवातीचा उत्साह लवकर ओसरला. मी स्कूटरनं ऑफिसला जाते, रोज १८ किलोमीटर, महिन्याला २४ दिवस. ४३२ किलोमीटर, लिटरला ४५ च्या हिशेबानं साधारण साडेनऊ लिटर. लिटरला १०४ रुपये धरले तर हजार रुपये. नवऱ्याची गाडी रोज २० किलोमीटर, २२ दिवस, लिटरला १३, म्हणजे सुमारे ३४ लिटर आणि ३,५२० रुपये. दोन्ही मिळून ४,५२०. आमची सरासरी होती ५,५००. म्हणजे ज्यावर पाकिटाचा काही ताबा चालू शकतो, ती रक्कम ९८० रुपयांची. बाकीचं ठरलेलं आहे. पाकीट रिकामं झालं म्हणून ऑफिस बुडवता येत नाही. हॉटेलचं पाकीट संपलं की माणूस घरी जेवतो. पेट्रोलचं संपलं की माणूस गुपचूप पंपावरचा कोड स्कॅन करतो. हा फरक लक्षात न घेता पेट्रोलला घट्ट आकडा ठरवला तर खर्च कमी होत नाही, फक्त नियम मोडायची सवय लागते, आणि ती मग बाकीच्या दोन पाकिटांत पसरते.

शिवाय रुपयांत बांधलेलं पाकीट भाव बदलला की खोटं बोलू लागतं. याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. जस्टीन हेस्टिंग्ज आणि जेसी शपिरो यांनी २०१३ साली तिथल्या पेट्रोलविक्रीच्या नोंदी तपासून दाखवलं की २००८ मध्ये पेट्रोल एकदम स्वस्त झालं तेव्हा लोकांनी वाचलेले पैसे दुसरीकडे वळवण्याऐवजी जास्त महागाचं, वरच्या दर्जाचं पेट्रोल भरलं. ते दिवस तिकडे मंदीचे होते, तरीही. पेट्रोलचे पैसे ते पेट्रोललाच जायचे, असं मनात बसलेलं असतं. पाकिटाचा हा दोषच आहे: त्यात पडलेला पैसा त्यातच खर्च व्हायला बघतो. म्हणून पेट्रोलचं पाकीट आम्ही आता लिटरमध्ये मोजतो. ४४ लिटर ठरलेले, आणि महिन्याच्या एक तारखेचा भाव बघून तेवढे रुपये. फिरण्यासाठी ९०० वेगळे, ते आतल्या दुसऱ्या कप्प्यात.

मग हे पाकीट ठेवायचंच कशाला? नोंदीसाठी. पाकिटाच्या पाठीवर प्रत्येक वेळी तारीख, किलोमीटर आणि लिटर लिहायचे. पाचशे-पाचशेचं पेट्रोल टाकत राहिलं तर सरासरी कळत नाही, कारण आधी टाकीत किती होतं ते माहीत नसतं. महिन्यातून दोनदा टाकी पूर्ण भरायची. पहिल्या पूर्ण टाकीपासून दुसऱ्या पूर्ण टाकीपर्यंत गाडी जितके किलोमीटर चालली, त्याला दुसऱ्या वेळी मावलेल्या लिटरनं भागायचं. मध्ये थोडंफार टाकलं असेल तर तेही त्या लिटरात मिळवायचं. ऑगस्टात गाडीचा आकडा १३ वरून १०.८ आला. नवरा आधी पावसाला, मग ट्रॅफिकला दोष देत राहिला. एका संध्याकाळी गाडी लावल्यावर मागच्या डाव्या चाकापाशी हात नेला तर ते बाकीच्या तिघांपेक्षा चांगलंच तापलेलं होतं. हँडब्रेकची केबल अडकून ब्रेक थोडा धरून राहत होता. गॅरेजमध्ये तासाभराचं काम निघालं. फोनवरून पैसे देत असतो तर महिन्याला सहा-सातशे रुपये चाकावर जळत राहिले असते आणि आम्ही पेट्रोल महाग झालं म्हणत बसलो असतो.

रोकड आणायची कुठून, हीही एक अडचण आहे. एटीएममधून पाचशेच्या नोटा पडतात आणि त्या घेऊन भाजीवाल्याकडे गेलं की तो हात जोडतो. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलं आहे की बहुतेक एटीएममध्ये निदान एका कप्प्यात शंभर किंवा दोनशेच्या नोटा ठेवा. आमच्या कोपऱ्यावरच्या मशिनमध्ये त्या कधी मिळतात, कधी नाही. मी एक तारखेच्या आसपास शाखेत जाऊन स्लिप भरून पैसे काढते आणि खिडकीवर सांगून शंभराच्या नोटा मागते. दर शनिवारी एटीएमला जायचं ठरवलं तर आणखी एक गंमत: आपल्याच बँकेच्या एटीएममधून महिन्याला पाचच व्यवहार फुकट असतात, पुढे प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत आकार आणि वर कर. भाजीच्या पाकिटात सगळे सुटे लागतात. हॉटेलच्या पाकिटात मात्र मी मुद्दाम पाचशेच्या दोन नोटा ठेवते. मोठी नोट मोडायला जीवावर येतं. दोनशेच्या चहा-भज्यांसाठी पाचशेची मोडायची का, यावर बरेचदा नको असंच ठरतं.

आता हे चालतंय की नाही, ते कसं ओळखायचं? पाकिटांकडे बघून नाही. मी तीच चूक केली. सप्टेंबरच्या शेवटी तिन्ही पाकिटांतून मिळून २२,९०० गेले होते, आधीच्या सरासरीपेक्षा ४,४०० कमी. मी खूश होते. मग खात्यातली शिल्लक पाहिली, तर बाकी काही बदललेलं नसताना ती नेहमीपेक्षा फक्त २,७०० नं जास्त होती. सतराशे रुपये गेले कुठे? पुन्हा स्टेटमेंट, पुन्हा क-ह-पे. खालच्या दुकानातून फोनवर घेतलेली अंडी, ब्रेड, आईस्क्रीम, माझा ऑफिसमधला चहा, नवऱ्याचा टपरीवरचा चहा. "वीस रुपयांना कुठे पाकीट काढायचं?" असं दोघंही आपापल्या मनात म्हणत होतो. म्हणून महिन्याच्या शेवटी दोनच गोष्टी तपासायच्या. एक, खात्यातली शिल्लक मागच्या महिन्याच्या त्याच तारखेच्या शिलकेपेक्षा किती वाढली. दोन, या तीन सदरांतले फोनवरून झालेले व्यवहार किती. दुसरा आकडा शून्य असायला हवा. आमचा अजून चारशेच्या आसपास असतो. ऑफिसच्या चहासाठी आता मी हॉटेलच्या पाकिटातून दोनशेचे सुटे पर्समधल्या छोट्या डबीत ठेवते, त्यानं बराच फरक पडला.

काही घरांत हे जमणार नाही, हेही सांगायला हवं. नवरा-बायको दोघं वेगवेगळ्या वेळी भाजी आणत असतील तर पाकीट नेहमी चुकीच्या माणसाकडे असतं. आम्ही भाजी एकावर आणि भरणा दोघांवर टाकून ते सोडवलं. जिथे एकच जण खर्चाचा नियम करतो आणि बाकीच्यांनी पाळायचा असतो, तिथेही ते फार दिवस टिकत नाही. व्याज बुडतं, ही तक्रार मात्र फोल आहे. दहा हजार रुपये महिनाभर बचत खात्यात राहिले असते तर तीन टक्क्यांनी पंचवीस रुपये मिळाले असते.

तुम्हाला करून बघायचं असेल तर पहिल्या महिन्यात तिन्ही पाकिटं करू नका. फक्त हॉटेलचं करा, शनिवारी सुरू करा, आणि शनिवारागणिक चिकटवून ठेवा. त्या महिन्यात पेट्रोलच्या पाकिटात पैसे घालू नका, नुसते किलोमीटर आणि लिटर लिहा. किराण्याचं पाकीट दुसऱ्या महिन्यात, आणि त्याचा आकडा ठरवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या, गहू कधी आणायचे ते.